आव की हगवण? प्रकल्पाचा विषय विचारणारं पत्र लिहिण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत सेमाडोहला घरी गेलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र मला आलं. बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, आठव्या सत्रात प्रकल्प करायचा, विषय फार्माकॉलॉजीचा हवा. पत्र वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. त्यातला कामाचा भाग एवढाच होता: "आदरणीय मॅडम, मला फार्माकॉलॉजीमध्ये प्रोजेक्ट करायचा आहे. आमच्या मेळघाटात खूप औषधी वनस्पती आहेत. मला त्यातल्या एखाद्या वनस्पतीची अँटिडायबेटिक किंवा अँटिडायरियल अ‍ॅक्टिव्हिटी बघायची आहे. कृपया योग्य विषय सुचवावा."

दरवर्षी अशी दहा-बारा पत्रं येतात, आणि त्यांना उत्तर देणं अवघड जातं. मुलीचं काही चुकलेलं नव्हतं. पण हे पत्र अमरावतीतून आलं असतं, अकोल्यातून आलं असतं किंवा पुण्यातून, तरी त्यात एक शब्द बदलावा लागला नसता. सेमाडोहला राहणाऱ्या मुलीकडे जे आहे आणि माझ्याकडे नाही, ते पत्रात कुठेच नव्हतं. शिवाय मधुमेह आणि जुलाब यांच्यामध्ये "किंवा" लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, अजून प्रश्न सापडलेला नाही.

मी तिला विषय दिला नाही. उलट दोन ओळींचं उत्तर पाठवलं: घरात कुणी कुठली साल, मूळ, पान खरोखर वापरतं का, ते विचार, आणि कशासाठी वापरतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण, इंग्रजी नाव देऊ नकोस. तिच्या या एका विषयाचं पुढे काय झालं ते इथे सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात काय असायला हवं ते त्यातून दिसेल.

ती परत आली ती आजीचं वाक्य घेऊन. "पोटात मुरडा येऊन आव पडाले लागली का कुड्याची साल उकळून देतो." वाक्य साधं आहे, पण त्यात चार गोष्टी आहेत. झाड कुडा. भाग साल. तयारी पाण्यात उकळून. आणि तक्रार मुरडा आणि आव. या चारही गोष्टी प्रयोगाची दिशा ठरवतात, आणि त्यांतली शेवटची सगळ्यात जास्त.

मराठीत हगवण आणि आव हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि घरोघरच्या बायका त्यांत गल्लत करत नाहीत. हगवण म्हणजे पातळ, पाण्यासारखे जुलाब. आव म्हणजे कळ येऊन थोडं थोडं, चिकट, कधी रक्त मिसळलेलं पडणं. आवेमागे बहुधा मोठ्या आतड्याचा संसर्ग असतो: अमिबाचा किंवा शिगेला जातीच्या जिवाणूंचा. आपण मात्र "अँटिडायरियल अ‍ॅक्टिव्हिटी" असं लिहून दोन्ही एकाच पोत्यात भरतो, आणि मग ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत जो प्रयोग दिसेल तो उचलतो. तो प्रयोग जवळजवळ नेहमीच एरंडेलाचा असतो.

त्या प्रयोगात काय होतं ते बघा. उपाशी ठेवलेल्या उंदराला आधी अर्क देतात, मग तोंडावाटे सुमारे अर्धा मिलिलिटर एरंडेल. पिंजऱ्याखाली टीपकागद अंथरतात आणि पुढचे चार तास ओल्या लेंड्यांचे डाग मोजतात. तुलनेला लोपेरामाइड असतं. एरंडेलातून आतड्यात रिसिनोलेइक आम्ल सुटतं. ते आतड्याच्या गुळगुळीत स्नायूंवरच्या प्रोस्टाग्लँडिनच्या ईपी-३ ग्राहींवर काम करतं आणि आतडं जोरात हलू लागतं. 2012 मध्ये ही यंत्रणा उंदरांवर स्पष्ट झाली. म्हणजे या उंदराला जंतुसंसर्ग नाही, अमिबा नाही, आतड्याला व्रण नाही. त्याचं आतडं फक्त घाईने हलतंय. अर्काने डाग कमी झाले तर अर्काने हालचाल किंवा स्राव कमी केला, एवढंच सिद्ध होतं. आजी ज्या आवेवर साल देते त्याबद्दल हा प्रयोग एक शब्द बोलत नाही.

इथे आणखी एक गोष्ट आहे, ती औषधाच्या दुकानात बसणाऱ्यालाही ठाऊक असायला हवी. संसर्गाच्या आवेत आतड्याची हालचाल नुसती थांबवणं चांगलं नसतं. जंतू आणि त्यांची विषं आतच राहतात. म्हणून रक्ताची आव असताना लोपेरामाइड देत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तर ते द्यायचंच नाही. मेळघाटात लहान मुलाच्या जुलाबावर पहिली गरज ओआरएस आणि झिंकची असते. तेव्हा "कुड्याच्या सालीने लोपेरामाइडइतके जुलाब थांबले" हा निष्कर्ष मिळाला तरी त्यावरून साल मुलांना द्यावी असं कुणी लिहू नये. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर असली वाक्यं मी अनेकदा खोडली आहेत.

तर मुलीपुढे दोन वाटा होत्या. एक, आवेचा प्रश्न धरायचा: अर्क अमिबावर चालतो का? त्यासाठी अमिबाचं संवर्धन लागतं, ते आमच्याकडे नाही आणि बी. फार्मच्या बहुतेक महाविद्यालयांत नसतं. कुड्यातलं कोनेसिन हे अल्कलॉइड पूर्वी अमिबाच्या आवेवर वापरलं गेलेलं आहे, म्हणजे प्रश्न चांगला आहे, पण चार महिन्यांच्या सत्रात तो आपल्या हाताबाहेरचा आहे. दुसरी वाट आजीच्या वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाची: मुरडा. मुरडा म्हणजे आतड्याच्या स्नायूचं कळ आणणारं आकुंचन. अर्काने आतड्याचं आकुंचन कमी होतं का, हे आपल्या प्रयोगशाळेत बघता येतं, आणि त्यासाठी उंदीर मारावा लागत नाही.

विषय निवडताना मी मुलांना हेच करायला सांगते. वापरातला दावा लिहा, त्याचे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्यासमोर लिहा की हे मोजायला काय लागतं. ज्या तुकड्यासमोरचं सामान तुमच्या महाविद्यालयात आहे तो तुमचा विषय. उरलेले तुकडे प्रबंधाच्या "मर्यादा" या प्रकरणात प्रामाणिकपणे जातात.

आता झाडाचा प्रश्न. "आमच्याकडे कुडा भरपूर आहे, मी साल आणते," असं ती म्हणाली. दोन कारणांनी मी तिला थांबवलं.

पहिलं कारण कायद्याचं. सेमाडोह मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं. हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1973-74 पासूनचा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात वैज्ञानिक संशोधनासाठी परवानगी लागते, आणि तिथलं वनउपज परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. हा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे. वनहक्क कायद्याने गावकऱ्यांना गौण वनउपजावर हक्क मिळालेले आहेत, पण गावाचा हक्क म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा परवाना नव्हे. अशी परवानगी यायला महिने लागू शकतात, आणि सत्र थांबत नाही. म्हणून नमुना अभयारण्याच्या हद्दीबाहेरून, पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून किंवा औषधी वनस्पतींच्या बागेतून घ्यायचा, त्यांना विचारून, आणि तसं प्रबंधात लिहायचं. खोडाची साल गोल सोलली तर झाड वाळतं. आपल्याला लागतात जेमतेम शंभर ग्रॅम. त्या छाटलेल्या फांद्यांवरून निघतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुडा दोन आहेत. पांढरा कुडा म्हणजे होलार्‍हेना प्युबेसेन्स, जुन्या पुस्तकांत होलार्‍हेना अँटिडिसेंटेरिका; आयुर्वेदातला कुटज हाच. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही आपल्या जंगलात वाढतात, दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींना दुधी चीक, दोन्हींना पांढरी फुलं. बाजारात कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ ही जुनी तक्रार आहे. वाळलेल्या सालीचा तुकडा हातात घेऊन नवख्याला ते ओळखता येत नाही.

झाडावर मात्र ओळखता येतं. आठव्या सत्राचं काम जानेवारीत सुरू होतं. तेव्हा फुलं नसतात, पण वाळलेल्या शेंगा लोंबत असतात. दोन्ही झाडांच्या शेंगा जोडीने येतात. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन्ही शेंगा देठापाशी जवळ असतात आणि पुढे सुट्या. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, पिकून उकलेपर्यंत. चिमट्यासारखा आकार दिसतो. बियांची नावंच फरक सांगतात: पांढऱ्याच्या त्या कडू इंद्रजव, काळ्याच्या त्या गोडे इंद्रजव. पांढऱ्या कुड्याची सालही चांगलीच कडू असते.

मी तिला सांगितलं, साल आणण्याआधी शेंगा असलेली डहाळी आण. वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, वनस्पतीशास्त्राच्या विभागाकडून तिची ओळख लेखी करून घ्यायची आणि तो नमुना क्रमांक घालून जपून ठेवायचा. हे काम प्रयोगाआधी करायचं असतं. मे महिन्यात, प्रबंध बांधायला टाकताना, ओळखपत्राची धावपळ करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांतल्या एका मुलाच्या हातात तेव्हा सालीची पूडच उरली होती. पूड बघून वनस्पतीशास्त्राचा शिक्षक कशावर सही करणार?

दोन कुडे आहेत हे कळल्यावर विषय आपोआप नेमका झाला. गाव एकाच नावाने दोन झाडं ओळखत असेल आणि बाजारात एकाच्या जागी दुसरं येत असेल, तर विचारण्यासारखा प्रश्न असा: दोन्ही सालींचा काढा आतड्याच्या आकुंचनावर सारखाच परिणाम करतो का? पांढऱ्या कुड्यावर तर बरंच काम झालेलं आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढऱ्या कुड्याच्या अर्काचे आतड्यावर दोन्ही परिणाम दिसले होते, चेतवण्याचाही आणि शिथिल करण्याचाही. त्यामुळे "कुड्याची अ‍ॅक्टिव्हिटी" पुन्हा बघण्यात नवं फार नव्हतं. दोन्ही साली समोरासमोर, एकाच पद्धतीने, पाण्याच्या काढ्यात बघणं हे मात्र बी. फार्मच्या पातळीवर प्रामाणिक आणि उपयोगी काम होतं. उत्तर कुठल्याही बाजूने आलं तरी ते लिहिण्यासारखं ठरतं. विषयाची ही परीक्षा तुम्हीही घ्या: निकाल "नाही" आला तर प्रबंधात लिहायला काही उरेल का?

प्रयोग कोंबडीच्या आतड्यावर ठरला. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर महाविद्यालयाचं प्राणिगृह सीसीएसईएकडे नोंदलेलं लागतं, आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीकडे ठरलेल्या नमुन्यात अर्ज करून प्रत्येक प्राण्याचं कारण द्यावं लागतं. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. अर्ज सहाव्या-सातव्या सत्रात गेला नसेल तर आठव्या सत्रात उंदीर मिळणार नाहीत. चिकनच्या दुकानात खाण्यासाठी कापलेल्या कोंबडीचं आतडं हे टाकाऊ असतं. बहुतेक ठिकाणी त्याला समितीची मंजुरी लागत नाही, तरी मार्गदर्शकांकडून तसं लेखी घेऊन ठेवा.

आतड्याचा कुठला भाग घ्यायचा ते दुकानातच ओळखावं लागतं. कोंबडीला दोन अंधनाळ असतात, बोटासारखे, आतड्याच्या शेवटच्या भागाला दोन्ही बाजूंनी चिकटलेले. त्या दोघांच्या मधून जाणारा भाग म्हणजे इलियम. तो कापून लगेच थंड टायरोड द्रावणात ठेवायचा. थर्मास सोबत न्यायचा. प्लास्टिकच्या पिशवीतून कोरडं आणलेलं आतडं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत संपलेलं असतं, त्याला कितीही अ‍ॅसिटिलकोलिन द्या, ते हलत नाही.

टायरोड द्रावण करताना एक चूक इतकी नेहमीची आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका लिटरला सोडियम क्लोराइड 8 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.2, मॅग्नेशियम क्लोराइड 0.1, सोडियम बायकार्बोनेट 1, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट 0.05, ग्लुकोज 1 आणि कॅल्शियम क्लोराइड 0.2 ग्रॅम. कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, बाकीचं पाणी जवळजवळ भरून झाल्यावर, ढवळत घालायचं. आधी घातलं तर बायकार्बोनेट आणि फॉस्फेटशी मिळून ते पांढरं होऊन तळाशी बसतं. द्रावण गढूळ दिसलं की फेकून नवं करा. कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावत नाही आणि तुम्ही दिवसभर मेलेल्या आतड्याला दोष देत बसता.

दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा, पोकळी उघडी राहील असा. 37 अंश तापमान, हवेचे बुडबुडे, अर्धा ते एक ग्रॅम ताण, अर्धा तास स्थिरावू द्यायचं आणि मधून मधून द्रावण बदलायचं. मग अ‍ॅसिटिलकोलिनच्या वाढत्या मात्रा: 0.1, 0.2, 0.4, 0.8 मिलिलिटर, प्रत्येकी तीस सेकंद, मध्ये धुवून. आकुंचनाची उंची वाढत वाढत एका जागी थांबते. तिथपर्यंतचा आलेख हा तुमचा पाया. त्यानंतर काढा टाकून, काही मिनिटं थांबून, तोच क्रम पुन्हा. काढ्याची मात्रा "0.2 मिलिलिटर" एवढीच लिहू नका. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमचा काढा 0.2 मिलिलिटर म्हणजे 2 मिलिग्रॅम. आतड्याचं भांडं 20 मिलिलिटरचं असेल तर तिथली तीव्रता मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅम. प्रबंध वाचणाऱ्याला हाच आकडा लागतो.

आलेखातून काय वाचायचं ते आधीच ठरवलेलं असावं. काढ्यानंतर वक्र समांतर उजवीकडे सरकला आणि जास्त अ‍ॅसिटिलकोलिन दिल्यावर पूर्वीचीच उंची गाठली, तर काढा अ‍ॅट्रोपिनसारखा त्याच ग्राहींवर स्पर्धा करतो असं म्हणता येतं. कमाल उंचीच खाली आली तर कारण दुसरं: कॅल्शियमच्या वाटा अडणं किंवा आणखी काही. आणि इथेच सालींच्या प्रयोगात मोठा फसवा खड्डा आहे. सालींमध्ये टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, चामडं कमावतं तसं आतड्याच्या पृष्ठभागालाही कमावतं. आकुंचन कमी होतं, आलेख सुंदर येतो, विद्यार्थी आनंदाने "स्पॅझमोलिटिक" लिहितो. प्रत्यक्षात त्याने तुकडा निकामी केलेला असतो.

ओळखायचं कसं? काढा तीन-चार वेळा धुवून काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि अ‍ॅसिटिलकोलिनची मधली मात्रा द्या. प्रतिसाद परत आला तर परिणाम औषधासारखा, परत फिरणारा. परत आलाच नाही तर बोट टॅनिनकडे जातं. काढ्याच्या थेंबाला फेरिक क्लोराइड लावून निळा-काळा किंवा हिरवट रंग येतो का तेही बघा. टॅनिन काढून टाकलेल्या काढ्यावर एक फेरी करा. सोबत एक तुकडा असा ठेवायचा ज्याला काढा कधीच द्यायचा नाही, फक्त तितक्याच वेळाने अ‍ॅसिटिलकोलिन. आतडं आपोआप थकतं. ते किती थकलं हे त्या तुकड्यावरून कळतं. माझ्या मते या दोन गोष्टी, धुतल्यानंतरचा प्रतिसाद आणि न दिलेला तुकडा, ज्या प्रबंधात नाहीत त्याचे बाकीचे आलेख मी बघत नाही.

आकडेवारीत एकच सांगते. एका कोंबडीचे सहा तुकडे म्हणजे सहा नमुने नव्हेत. ते एकाच पक्ष्याचे सहा तुकडे आहेत. सहा निरीक्षणं हवी असतील तर सहा कोंबड्यांचं आतडं हवं, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी; आणि प्रत्येक कोंबडीच्या आतड्यावर पांढरा, काळा आणि न दिलेला असे तिन्ही तुकडे. मग तुलना त्याच पक्ष्यात होते. आठवड्याला दोन दिवस प्रयोग धरले तर सरावाचे दोन आठवडे आणि खऱ्या नोंदींचे तीन-चार आठवडे लागतात. काही दिवस वाया जाणार हे धरून चाला.

हे सगळं बोलून झाल्यावर मी तिला म्हटलं, आता मला पुन्हा पत्र लिही, मी तुला ओळखत नाही असं समजून. तिने लिहिलेलं दुसरं पत्र असं होतं:

"आदरणीय मॅडम,
मी बी. फार्मच्या सातव्या सत्रात आहे, राहणार सेमाडोह. आमच्या घरी मुरडा येऊन आव पडत असेल तर कुड्याची साल पाण्यात उकळून देतात. कुडा नावाची दोन झाडं आहेत आणि त्यांच्या साली एकमेकींत मिसळल्या जातात, असं वाचलं. दोन्ही सालींच्या पाण्यातल्या काढ्याने कोंबडीच्या इलियमवर अ‍ॅसिटिलकोलिनमुळे होणारं आकुंचन कमी होतं का आणि सारखंच होतं का, हे मला बघायचं आहे. आवेच्या जंतूंवर काय परिणाम होतो हे या कामात कळणार नाही, ते मी मर्यादेत लिहीन.
आपल्या प्रयोगशाळेत दोन ऑर्गन बाथ आणि एक फिजिओग्राफ आहे, अ‍ॅसिटिलकोलिन आणि अ‍ॅट्रोपिन आहे. माझ्याकडे जानेवारी ते एप्रिल असा वेळ आहे. शेंगांसह दोन्ही झाडांच्या डहाळ्या मी हद्दीबाहेरच्या शेतातून मालकाला विचारून आणल्या आहेत, ओळख व्हायची आहे.
मला दोन गोष्टी ठरवता येत नाहीत. काढा वाळवून त्याची पूड करावी की रोज ताजा करावा? आणि आजी झाडाच्या खोडाची साल वापरते, मी फांदीची वापरली तर चालेल का? शनिवारी दुपारी भेटू शकाल का?"

पहिल्या पत्राला उत्तर द्यायला मला काही सुचत नव्हतं. दुसऱ्याला मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. आता तिचं पत्र कुठल्याही फार्माकॉलॉजीच्या शिक्षकाला पाठवता आलं असतं, आणि त्यांना पाच मिनिटांत सांगता आलं असतं की यातलं काय जमेल. काय बघायचं, कशावर बघायचं, काय बघता येणार नाही, हाताशी काय आहे, किती वेळ आहे, आणि नेमकं कुठे अडलंय. तिने "विषय सुचवा" असं म्हटलंच नाही. जे तिला ठरवता येत नव्हतं तेवढंच तिने विचारलं.

पत्रात आजीचं नाव नव्हतं, ते मला योग्य वाटलं. घरातल्या माणसाचं ज्ञान असो की गावातल्या भूमकाचं, ते प्रबंधात घालण्याआधी त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने घालायचं. आणि गावभर फिरून अनेकांना प्रश्न विचारून नोंदी करायच्या असतील तर ते माणसांवरचं संशोधन ठरतं. त्याला संस्थेच्या मानवी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी लागते. तिच्या कामात तशी गरज पडली नाही, कारण आजीच्या वाक्यावरून प्रश्न घेतला होता, आजीवर अभ्यास नव्हता.

तिच्या दोन प्रश्नांची उत्तरं इथेही देते, कारण सालीवर काम करणाऱ्या कुणालाही ती लागतील. काढा रोज ताजा केला तर दर वेळी तीव्रता बदलते आणि सहा कोंबड्यांचे आकडे एकत्र करता येत नाहीत. म्हणून दोन्ही सालींचा काढा एकाच दिवशी, सारख्या वजनाची साल, सारखं पाणी, सारखा वेळ उकळून करावा. गाळून, वॉटर बाथवर पसरट भांड्यात आटवून, वजन दोनदा सारखं येईपर्यंत वाळवावा. पाण्याच्या अर्कावर बुरशी फार लवकर येते. लहान बाटल्यांत, शोषक घालून, थंडीत ठेवावा, आणि किती ग्रॅम सालीतून किती ग्रॅम अर्क मिळाला ते लगेच लिहून ठेवावं. प्रयोगाच्या दिवशी तेवढाच अर्क पाण्यात विरघळवून, त्याचा सामू टायरोडशी जुळतो का ते बघून वापरावा. आंबट काढा नुसत्या आंबटपणानेही आतडं ढिलं करू शकतो.

फांदीच्या सालीचं उत्तर असं की चालेल, पण दोन्ही झाडांची फांदीचीच हवी, साधारण सारख्या जाडीची. खोडाच्या आणि फांदीच्या सालीत अल्कलॉइडचं प्रमाण वेगळं असू शकतं, त्यामुळे निकाल खोडाच्या सालीला लागू होईलच असं लिहिता येणार नाही. दोन्ही काढ्यांचे थेंब टीएलसीच्या पट्टीवर शेजारी शेजारी लावून ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण फवारलं की अल्कलॉइड जिथे आहेत तिथे नारिंगी ठिपके उमटतात. पांढऱ्या कुड्याच्या बाजूला ते ठळक दिसायला हवेत. ही पट्टी आतड्याला हात लावण्याआधी करायची. पांढरा म्हणून आणलेल्या सालीच्या बाजूला ठिपके आलेच नाहीत, तर डहाळीकडे परत जायचं आणि शेंगांची टोकं पुन्हा बघायची.